दुखणारं लिहून झाल्यावर काय करायचं, आणि ते दुसऱ्याला कधी दाखवायचं

तुम्ही लिहिताय, आणि पहिल्यांदाच असं काहीतरी लिहून बसलाय की शेवटचा पूर्णविराम दिल्यावर हात थरथरतोय, घसा कोरडा पडलाय, आणि तरी एक विचित्र नशा पण आहे की आत्ताच्या आत्ता हे कुणालातरी पाठवावं. हा लेख त्या क्षणापासून पुढचा आहे. लिहायचं कसं ते यात नाहीये. लिहून झाल्यावर स्वतःला कसं सावरायचं आणि मग हे कागदावरचं दुसऱ्याच्या हातात द्यायच्या लायकीचं झालंय की नाही ते कसं ओळखायचं, एवढंच.

उदाहरण माझंच देते, कारण दुसऱ्याचं दुखणं उदाहरणाला वापरणं बरं नाही. मी लालबागच्या चाळीत वाढले, बाबा गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. पुढच्या दोन वर्षांत बाबांचं पिणं वाढलं आणि संध्याकाळी त्यांना गुत्त्यावरून घेऊन यायचं काम माझ्याकडे आलं, कारण दादा जायला लाजायचा आणि आई जाऊ शकत नव्हती. यावर मी पन्नाशीला आल्यावर लिहिलं. एका बैठकीत, रात्री साडेदहा ते दीड, चौदा पानं. आणि दीड वाजून दहा मिनिटांनी एका मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवून टाकलं. ही पहिली चूक, तिथूनच सुरू करते.

पायरी १ : त्याच दिवशी

दुखणारं लिहिल्यावर हलकं वाटतं असं सगळे सांगतात. लगेच वाटत नाही बरं का, उलट जड वाटतं. जेम्स पेनेबेकर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग छापला, ४६ कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायला लावलं, काहींना साध्या विषयावर आणि काहींना आयुष्यातल्या सगळ्यात वाईट गोष्टीवर. वाईट गोष्टीवर लिहिणाऱ्यांचा मूड लिहिल्या लिहिल्या खाली गेला, ब्लड प्रेशर वर गेलं. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्यातल्या ज्यांनी काय घडलं ते आणि आपल्याला काय वाटलं ते, दोन्ही लिहिलं होतं, ते कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. म्हणजे फायदा होतो, पण उशिरा, आणि आधी जरा वाईट वाटण्याची किंमत मोजून. हे माहीत असलं की लिहून झाल्यावर रडू आलं तर आपलं काहीतरी बिघडलंय असं वाटत नाही. बहुतेक वेळा हे जडपण तास दोन तासात, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत उतरतं.

अजून एक बघा, त्यांनी १५ मिनिटं लिहायला लावलं होतं, तीन तास नाही. मी केलं तसं करू नका. पंचवीस तीस मिनिटांचा अलार्म लावा आणि तो वाजला की वाक्य अर्धवट असलं तरी थांबा, उद्या तिथूनच उचलता येतं. आणि रात्री दहानंतर असल्या विषयाला हात लावू नका, कारण लिहिल्यानंतर अंगातली ती धग उतरायला वेळ लागतो आणि रात्री तो वेळ झोपेतून कापला जातो. मी सकाळी सात ते साडेसात लिहायला लागले, नंतर भाजी चिरायची असते, कुकर लावायचा असतो, मोलकरीण येते, जगाला आपल्या चौदा पानांचं काही पडलेलं नसतं आणि ते फार बरं असतं.

उठण्यापूर्वी शेवटची पाच मिनिटं एक गोष्ट करायची. खाली एक रेघ मारायची आणि रेघेखाली आजचं लिहायचं, एकदम कोरडं. आज मंगळवार, पंखा दोनवर, बाहेर भंगारवाला ओरडतोय, आज गवारीची भाजी करायची आहे, माझं वय इतकं, बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली. वाचायला येडपट वाटेल पण ही पाच ओळी मला १९८४ मधून उठवून स्वयंपाकघरात आणतात. मी दोन वेळा ती टाळली आणि दोन्ही वेळा दिवसभर मी घरातल्यांवर डाफरत होते, का ते मलाच कळत नव्हतं.

मग फाईल बंद. पुन्हा वाचायचं नाही, एडिट करायचं नाही, पाठवायचं तर अजिबातच नाही. आंघोळ करा, काहीतरी गरम खा, वीस मिनिटं चालून या. दारू नको, आमच्या विषयात तर ते सांगायलाच नको पण कुठल्याच विषयात नको. घरातल्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा की आज मी जरा जड लिहिणार आहे, नंतर काय लिहिलंस असं विचारू नकोस, फक्त सोबत चहा पी. माझा नवरा या कामात तयार झालाय, तो चहा ठेवतो आणि क्रिकेटबद्दल बोलतो, मला क्रिकेटमधलं काहीही कळत नाही.

मैत्रिणीला पाठवलं त्याचं काय झालं? ती सकाळी सहाला उठली, वाचलं, आणि तिने हार्ट आणि हात जोडलेले असे चार इमोजी पाठवले. बास. तिची काहीच चूक नाही, रात्री दीडला आलेल्या चौदा पानांवर माणूस दुसरं काय म्हणणार. पण मी दिवसभर त्या चार इमोजींकडे बघून मनातल्या मनात रडत होते की हिला काही वाटलंच नाही. मला तेव्हा वाचक नको होता, कुणीतरी जवळ घ्यायला हवं होतं, आणि मी त्या दोन्हीत गल्लत केली होती. आता तशी हुक्की आली की मी मैत्रिणीला फोन करते आणि सरळ म्हणते की बाबांवर लिहिलं, वाईट वाटतंय, जरा बोल. लेख पाठवत नाही.

पायरी २ : पुढचे दोन आठवडे, स्वतःवर नजर

या काळात लिखाणाकडे बघायचं नाही, स्वतःकडे बघायचं. एक दोन दिवस स्वप्नं पडणं, मध्येच डोळे भरणं, तो वास आठवणं (मला नवसागराचा वास यायचा, घरात नसताना) हे चालायचंच. पण दिवसेंदिवस ते कमी होतंय का हे बघा. दोन आठवडे झाले तरी झोप लागत नाहीये, तो प्रसंग दिवसाढवळ्या डोळ्यासमोर घडल्यासारखा येतोय, जेवण जात नाहीये, कामावर जाववत नाहीये, तर लिखाण बाजूला ठेवून डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जायचं. मरून जावंसं वाटलं तर दोन आठवडे सोडा, दोन तास पण थांबायचं नाही. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. नंबर आधीच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, लागला तर शोधायचं बळ तेव्हा नसतं.

आणि एक खूण आहे ती लेखकांना लवकर कळत नाही. काही लोक तोच प्रसंग परत परत लिहितात, पाच वेळा, सहा वेळा, आणि त्यांना वाटतं आपण मेहनत घेतोय. पाचही ड्राफ्ट शेजारी ठेवून बघा. वाक्यं तीच आहेत का, शब्दसुद्धा तेच? मग ते उगाळणं आहे, लिहिणं नाही, आणि उगाळल्याने जखम ओली राहते. पेनेबेकर आणि त्यांच्या लोकांनी असल्या लिखाणातले शब्द मोजले तेव्हा त्यांना दिसलं की ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'तेव्हा लक्षात आलं' अशा जातीचे शब्द वाढत गेले होते. तुमच्या ड्राफ्टमध्ये हे शब्द येतायत का बघा. मुद्दाम घालू नका, येतायत का तेवढंच बघा. येत नसतील आणि लिहिल्यावर प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त वाईट वाटत असेल तर हा विषय सध्या बंद. पेनेबेकर स्वतः पण हेच सांगतात की एखाद्या गोष्टीवर लिहिल्याने तोल जाईल असं वाटत असेल तर त्यावर लिहू नका, दुसऱ्या कशावर लिहा.

पायरी ३ : किती दिवस झाकून ठेवायचं

माझा हिशोब असा आहे, जुनी गोष्ट असेल, वीस तीस वर्षांपूर्वीची, तर कमीत कमी तीन आठवडे. ताजी असेल, माणूस जाऊन वर्ष पण झालं नसेल, तर वर्षश्राद्ध होईपर्यंत तरी दुसऱ्याला दाखवू नका, स्वतःसाठी खुशाल लिहा. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या आणि ओळखीच्या चार लिहिणाऱ्यांच्या चुकांवरून आलाय. पहिल्या वर्षात प्रत्येक सण पहिल्यांदा येतो त्या माणसाशिवाय, आणि दर वेळी गोष्ट बदलते, आज ज्याच्यावर राग आहे त्याच्यावर दिवाळीत राहत नाही.

इथे दिवाळी अंक आडवे येतात. संपादकांना मजकूर पावसाळ्यातच हवा असतो, आणि नवीन माणसाला कुणी लेख मागितला की हुरळायला होतं, मग तीन आठवडे वगैरे सगळं गुंडाळून ठेवतो आपण. मुदत जवळ असेल तर दुसरा लेख द्या. खरंच. दुखणारा लेख पुढच्या वर्षी पण दुखणाराच असणार आहे.

पायरी ४ : पहिलं वाचन

हे मी सगळ्यात सविस्तर सांगणार आहे कारण तयार आहे की नाही याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

वाचायला बरा दिवस निवडा, त्या माणसाची तिथी नको, वाढदिवस नको. प्रिंट काढा, फॉन्ट बदलून काढा, म्हणजे जरा परक्याचं वाटतं. पेन नको, पेन्सिल घ्या, आणि पहिल्या वाचनात एकही शब्द दुरुस्त करायचा नाही, फक्त खुणा करायच्या. आणि मोठ्याने वाचायचं, फोनवर रेकॉर्ड करत. मनात वाचताना डोळे दुखऱ्या जागेवरून हळूच पुढे सरकतात, तोंडाला ते जमत नाही.

खुणा दोन प्रकारच्या. जिथे आपल्याला काहीतरी होतं, आवाज कापतो, पोटात खड्डा पडतो, तिथे समासात फुली. आणि जिथे लिखाण गडबडतं तिथे गोल. लिखाण गडबडतं म्हणजे दोनपैकी एक काहीतरी होतं, एकतर ते सुजतं नाहीतर ते पळतं.

सुजलेलं ओळखणं सोपं आहे. माझ्या पहिल्या ड्राफ्टमधलं हे वाक्य बघा, लाज वाटते पण देते:

"गुत्त्याच्या त्या भयाण, दुर्गंधीने भरलेल्या नरकात माझं निष्पाप बालपण कायमचं गाडलं गेलं आणि त्या निर्दयी माणसाला त्याची जराही तमा नव्हती."

यात गुत्ता दिसतो का? नाही. बाबा दिसतात का? नाही. फक्त मी दिसते, आज रडणारी. भयाण, निष्पाप, निर्दयी ही सगळी आजची विशेषणं आहेत, नऊ वर्षांच्या पोरीला गुत्ता भयाण वाटत नव्हता, तिला तिथे चणे मिळायचे. वाक्य सुजलंय म्हणजे तिथे राग अजून ओला आहे. मग त्या जागी काय करायचं, विशेषणं खोडायची असं सगळे सांगतात, पण नुसती खोडून काही उरत नाही. त्यापेक्षा तिथे प्रत्यक्ष काय होतं ते आठवून लिहायचं, कोण कुठे बसलं होतं, हातात काय होतं, कोण काय बोललं. तेच माझ्याकडून चौथ्या ड्राफ्टला असं झालं:

"बाबा बाकाच्या टोकाला बसले होते. मला बघून त्यांनी ग्लास पाठीमागे लपवला. मी म्हटलं, आईने बोलावलंय. ते म्हणाले, जेवलीस का? मी हो म्हटलं. मी जेवले नव्हते."

पळालेलं मात्र ओळखायला कठीण, आणि तेच जास्त महत्त्वाचं. रेकॉर्डिंग ऐकताना मला कळलं की सातव्या पानावर एका ठिकाणी माझा आवाज एकदम सपाट होतो आणि वेग वाढतो. वाक्य होतं, "मग आम्ही घरी आलो." चार शब्द. बाकी ठिकाणी मी बाबांच्या चपलेच्या तुटलेल्या अंगठ्यावर सहा ओळी लिहिल्या आहेत आणि गुत्त्यापासून घरापर्यंतची अर्धा तास चाल (ते हळू चालायचे, मध्ये बसायचे) चार शब्दांत संपवली. तिथे ना फुली पडली होती ना गोल, मी ते वाक्य अगदी आरामात वाचून गेले होते. दोन दिवस ते वाक्य डोक्यात राहिलं. मग आठवलं, म्हणजे विसरलं नव्हतंच, पण त्या वाक्याखाली दडवलं होतं. वाटेत ते एका ओट्यावर बसून पेंगले तेव्हा मी त्यांच्या खिशातून पाच रुपयांची नोट काढली होती. मोलमजुरीची ती त्या दिवसाची कमाई उरली होती. रात्री आई त्यांना बोलली की तेवढे पण प्यायलात, आणि ते काही बोलले नाहीत कारण त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती, आणि मी अंथरुणात गप्प पडून होते.

चौदा पानांत माझ्याकडून एकही चूक झालेली नव्हती. बाबा चुकत होते, आई सोसत होती, मी बघत होते. असं असेल ना, की तुमच्या लेखात सगळ्यांचं काही ना काही चुकतंय आणि तुम्ही तेवढे धुतल्या तांदळासारखे, तर तो लेख अजून तक्रार आहे. वाचकाला ते दुसऱ्या पानावर कळतं, त्याला सांगता येत नाही काय कळलं, पण तो सावध होतो. मी असं म्हणत नाहीये की प्रत्येक दुखणाऱ्या लेखात स्वतःचा गुन्हा शोधून काढायचाच, ज्याच्यावर खरंच अत्याचार झालाय त्याने तो सहन केला एवढंच असतं, तिथे उगाच अपराध ओढवून घ्यायचा नाही. पण लेख कुठे पळतोय ते शोधा, आणि तिथे काय आहे ते निदान तुम्हाला तरी माहीत असू द्या. ते छापायचं की नाही हा नंतरचा प्रश्न.

नोटेची गोष्ट लिहायला मला दोन महिने लागले, 'मी' म्हणून लिहिताच येईना. तेव्हा दया पवारांच्या बलुतं ची आठवण झाली, १९७८ चं पुस्तक, त्यात दगडू पवार आपली गोष्ट दया पवारला सांगतो, म्हणजे एकाच माणसाचे दोन केलेत, एक सांगणारा आणि एक ऐकणारा. मी तेवढी युक्ती उचलली, तो प्रसंग आधी 'ती मुलगी' करून लिहिला, तिने हात घातला, तिने नोट मुठीत धरली. लिहून झाल्यावर 'ती' खोडून 'मी' केलं. अडकलात तर हे करून बघा, अंतर पडतं, आणि अंतर पडलं की दिसायला लागतं.

पायरी ५ : लेखातली बाकीची माणसं

आपलं दुखणं आपल्या मालकीचं असतं पण त्यातली माणसं नसतात. एका कागदावर लेखातल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा आणि पुढे लिहा, जिवंत आहे का, वाचेल का, वाचल्यावर त्याचं काय जाईल. नाव बदललं की झालं असं नाही, चाळीत 'एक शेजारीण' म्हटलं तरी अख्ख्या मजल्याला कळतं कोण ते. कायद्याचं पण एक ध्यानात ठेवा, माणूस गेलाय म्हणून त्याच्याबद्दल काहीही लिहिता येतं हा गैरसमज आहे, घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूने मेलेल्या माणसाची अब्रू घालवली तर ती पण बदनामी धरली जाऊ शकते, आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ कलमात ते आहे. लेखात कुणावर गुन्ह्याचा आरोप होत असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय बाहेर काढू नका.

मी दादाला विचारलं. तो म्हणाला, तुझं तू लिही, माझं एक अक्षर नको. त्याची मुलं मोठी आहेत, त्यांना आजोबा गिरणीत होते एवढंच माहिती आहे. मी दादाची दोन पानं काढली. लेख लंगडा झाला थोडा, झाला तर झाला.

आईला वाचून दाखवलं, ती आता बहात्तरची आहे, चष्मा लावून पण बारीक अक्षर दिसत नाही. घाबरत घाबरत वाचत होते. ती मध्येच म्हणाली, "थांब बाय. मंगळसूत्र विकलं नाय त्यांनी."

मी म्हटलं, "अगं मला आठवतंय, तुझा गळा मोकळा होता."

"मोकळा होता, पण मीच दिलेलं गहाण ठेवायला. दादाच्या शाळेसाठी. दारूला नाय गेलं ते." आणि मग जरा वेळाने, "आणि ह्यांनी हात उचलला ते लिवलंस, मी लाटणं मारलेलं ते का नाय लिवलंस?"

मला लाटण्याचं माहीतच नव्हतं. आणि मंगळसूत्राचं वाक्य माझ्या लेखातलं सगळ्यात टाळ्या घेणारं वाक्य होतं, चाळीस वर्षं मी ते खरं धरून चालले होते. दुखरी आठवण ठसठशीत असते म्हणून ती अचूक असतेच असं नाही, तेव्हा कुणी हयात असेल तर विचारा. आईने एकच गोष्ट काढायला लावली, मावशीची. का ते विचारलं नाही, काढली.

सगळ्यांनाच असं विचारता येत नाही. ज्याने त्रास दिला त्याचीच परवानगी घ्यायला जाऊ नका, तिथे वकील आणि एखादा शहाणा मित्र पुरे.

पायरी ६ : पहिला वाचक

दोन माणसं पुरेत. एक तुम्हाला ओळखणारा पण त्या प्रसंगात नसलेला, आणि एक जवळपास अनोळखी, जो वाचनाच्या गटात वगैरे भेटतो. घरच्यांना खरं खोटं विचारायचं, लेख कसा आहे ते विचारायचं नाही.

देताना आधी सांगा यात काय आहे. बापाचं दारूचं व्यसन आहे, मारहाण आहे, वाचशील का? समोरच्याच्या घरात पण तेच असू शकतं, आणि नाही म्हणायची सोय त्याला हवी. मी ज्यांना दिला त्यातल्या एकाने नाही म्हटलं, आणि कारण सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही.

"कसं वाटलं?" हा प्रश्न विचारूच नका, त्याला उत्तर इमोजीच मिळणार. लेखाबरोबर तीनच प्रश्न द्या. कुठे गोंधळलास? कुठे कंटाळा आला? लेखातल्या कुणाबद्दल तुला कमी सांगितलंय असं वाटलं? आणि उत्तर लिहून दे, फोन करू नको म्हणा, कारण फोनवर तो तुमचा आवाज ऐकून सांत्वनच करणार.

आता खरी परीक्षा. उत्तर आलं की स्वतःकडे बघा, पहिल्या सेकंदाला काय होतं. माझ्या अनोळखी वाचकाने लिहिलं, "चौथं पान लांबलंय, संपाची माहिती आधी येऊन गेलीय." पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, याचा बाप असा असता म्हणजे कळलं असतं. म्हणजे लेख झाला असेलही, मी झाले नव्हते. उत्तर न देता फाईल परत महिनाभर बंद केली. महिन्याने तोच निरोप उघडला आणि मी चौथं पान काढून बघितलं, आणि खरंच की हो, माहिती दोनदा आली होती. त्याच्या शब्दांत काही बदललं नव्हतं.

पायरी ७ : ठरवायचं

ठरवताना लेख चांगला आहे का हे विचारू नका, त्याला अंत नाही. एवढंच बघा. लेखात पळालेली जागा उरली आहे का, आणि असेल तर ती तुम्ही जाणूनबुजून ठेवलीय का. ज्यांचं काही जाणार आहे त्यांना विचारून झालंय का. आणि कुणी अगदी कोरडेपणाने, चुकीच्या कारणासाठी, किंवा वाईट शब्दांत याच्याबद्दल बोललं तर त्या रात्री तुम्ही जेवाल का. तिसऱ्याचं उत्तर नाही असेल तर बाकी दोन्ही ठीक असलं तरी थांबा.

आणि हे पण असू शकतं की उत्तर कायमचंच नाही असेल. माझ्याकडे एक लेख आहे, तो कुणालाही दाखवायचा नाही हे ठरून गेलंय, तो लिहून जे व्हायचं ते झालं. तो फोनवर ठेवलेला नाही, क्लाऊडवर पण नाही, घरात तेच अकाऊंट चारजण वापरतात. कागदावर आहे, कपाटात, पैठणीच्या घडीत.

बाबांवरचा मात्र गेला. चौदा पानांची साडेआठ झाली, लिहिल्यापासून छापायला देईपर्यंत चौदा महिने लागले. पाठवल्यावर आठवड्याने संपादकांचा फोन आला, म्हणाले बाकी ठीक आहे पण तुम्ही एका ठिकाणी बाक लोखंडी म्हटलाय आणि एका ठिकाणी लाकडी, नक्की कसला होता? मी डोळे मिटून बघितलं आणि म्हटलं लाकडी, एक पाय आखूड होता, खाली विटेचा तुकडा लावलेला. ते म्हणाले मग वीट पण टाका. मी टाकली आणि भात लावायला गेले.